आधी मोजावे, मग डबे मांडावेत
शाळेतील कचरा-वर्गीकरण प्रकल्पाची आखणी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



आजच्या परिषदेत मला जो विषय देण्यात आला आहे, तो आपणांपैकी बहुतेकांच्या शाळेत या ना त्या रूपाने येऊन गेलेला आहे. हिरवा आणि निळा असे दोन डबे व्हरांड्यात ठेवले जातात, त्यांवर 'ओला' व 'सुका' अशी अक्षरे रंगविली जातात, एक प्रभातफेरी निघते आणि महिन्याभरात दोन्ही डब्यांत सारखाच कचरा दिसू लागतो. मुले बेशिस्त असतात म्हणून असे घडते, हे मला मान्य नाही. आपण उपाय आधी योजला आणि आपल्या शाळेत कचरा कोणता, किती, कोठे व का होतो, हे पाहिलेच नाही, हे त्याचे खरे कारण होय. म्हणून आज मी एकच गोष्ट विस्ताराने सांगणार आहे. कचरा-वर्गीकरणाचा प्रकल्प हा प्रथमतः मोजणीचा प्रकल्प आहे. डबे, मुलांची कामे, आठवड्याची उद्दिष्टे आणि अखेरचा अहवाल ही सारी त्या पहिल्या मोजणीतून निघाली पाहिजेत.

विवेचन सोपे व्हावे म्हणून आपण एक शाळा कल्पू या. इयत्ता पहिली ते सातवी, पट ११२, शिक्षक पाच. शाळेत मध्यान्ह भोजन शिजते. गावचा बाजार मंगळवारी भरतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आरंभ करून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे नऊ आठवडे, हा प्रकल्प चालवावयाचा आहे. पावसाळा मी मुद्दाम टाळला आहे. ओल्या मातीचा व भिजलेल्या कागदाचा भार तराजूला फसवितो.

प्रारंभीची पाहणी

पहिला आठवडा केवळ पाहणीचा. ह्या आठवड्यात मुलांना कोणताही उपदेश करू नये आणि नवे डबेही ठेवू नयेत, कारण आपणांस नेहमीची सवय पाहावयाची आहे. सोमवार ते शनिवार असे सहाही दिवस घ्यावेत. एखादाच दिवस घेतला, तर बाजाराचा दिवस निसटतो, आणि त्याच दिवशी काय घडते हे पुढे दिसेलच.

शाळा सुटण्यापूर्वी अर्धा तास, रोज त्याच वेळी, वर्गखोल्या, व्हरांडा, पटांगण आणि स्वयंपाकाची जागा येथील कचरा निरनिराळ्या पोत्यांत गोळा करावा. कोणत्या पोत्यात कोठला कचरा आहे, हे खडूने लिहिलेले असावे. मग जुन्या ताडपत्रीवर एकेक पोते पसरून त्याचे भाग पाडावेत: स्वयंपाकातील देठे व साली, उरलेले शिजलेले अन्न, कागद व पुठ्ठा, प्लास्टिक, काच-पत्रा आदी इतर वस्तू, आणि पालापाचोळा व केरमाती. गावातील दुकानदाराकडून ताणकाटा मागून आणला तरी चालतो. मात्र अखेरपर्यंत तोच काटा वापरावा. हलक्या वस्तूंचे वजन रोज करू नये. त्या आठवडाभर एका पिशवीत साठवून शनिवारी एकदाच तोलाव्यात.

आपल्या कल्पित शाळेत आठवड्याचा एकूण कचरा ४४.४ किलो भरला असे समजू या. त्यात पालापाचोळा व केरमाती २३ किलो, देठे व साली ८.४, शिजलेले अन्न ९.६, कागद २.१, प्लास्टिक ०.९ आणि इतर ०.४ किलो. हे आकडे पाहून एखादा शिक्षक म्हणेल की, प्लास्टिक तर शंभरांत जेमतेम दोन भाग आहे, मग त्याची चिंता कशाला? येथेच पहिली चूक होते. खाऊचे एक रिकामे वेष्टन दोन-तीन ग्रॅमांचे असते. सहा दिवसांची सारी वेष्टने मिळून एका विटेइतकीही जड होत नाहीत. म्हणून अन्न तोलावे आणि वेष्टने मोजावीत. ह्या शाळेत मोजली तेव्हा वेष्टने व पिशव्या मिळून ३१८ निघाल्या. ०.९ किलो ह्या आकड्याने जे सांगितले नाही, ते ३१८ ह्या आकड्याने सांगितले. उलट निम्म्याहून अधिक भार पाल्याचा व मातीचा आहे. तो एकूण बेरजेत धरला, तर एका दिवसाच्या वाऱ्याने सारा हिशेब ढासळतो. म्हणून ती रक्कम नेहमी निराळी लिहावी.

आता जागा पाहा. ३१८ पैकी २०० च्या वर वेष्टने फाटक आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या पट्ट्यात सापडली. कचऱ्याचा एकुलता एक डबा मात्र कार्यालयाच्या दारात होता. मुले दुकानातून खाऊ घेऊन फाटकातून येतात, टाकीपाशी पाणी पितात आणि रिकामे वेष्टन तेथेच टाकतात. डबा कोठे ठेवावा ह्याचे उत्तर येथे आपोआप मिळाले.

तीच गोष्ट अन्नाची. ९.६ किलोंपैकी ५.४ किलो ताटांत उरलेले आणि ४.२ किलो पातेल्यात उरलेले होते. हे दोन्ही निराळे लिहिल्यामुळे एक गोष्ट उघडकीस आली. पातेल्यातील ४.२ किलोंपैकी ३.३ किलो एकट्या मंगळवारचे होते. बाजाराच्या दिवशी हजेरी घटते, पण शिधा आदल्या दिवसाच्या हजेरीवर काढला जातो. पहिली ते पाचवीस दरडोई १०० ग्रॅम व सहावी ते आठवीस १५० ग्रॅम तांदूळ ह्या प्रमाणाने वीस मुले कमी झाली, तर दोन किलोंहून अधिक कोरडा तांदूळ जादा शिजतो, आणि शिजल्यावर त्याचा भार कितीतरी वाढतो. आपल्या शाळेत त्यातील काही मुलांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला, तरी एवढा उरलाच. ह्यावर उपाय डबा नव्हे आणि खतखड्डाही नव्हे. मंगळवारी हजेरी आटोपताच मुलांची संख्या चिठ्ठीवर लिहून, चूल पेटण्यापूर्वी, स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या हाती देणे हा उपाय होय. अशी एक चिठ्ठी पाहणीतून निघाली, तर पाहणीचे श्रम सार्थकी लागले असे मी म्हणेन.

कचरा जाणार कोठे?

डबे मांडण्यापूर्वी हा प्रश्न सुटला पाहिजे. नाहीतर मुलांनी वेगळा केलेला कचरा शाळेमागे पुन्हा एकत्र होतो आणि काडी लावून पेटविला जातो. मुलांनी ते एकदा पाहिले की, आपल्या शब्दाचे मोल संपते. शिवाय प्लास्टिकचा धूर विषारी असतो, हे आपण जाणताच.

कागद, पुठ्ठा, बाटल्या व पत्रा भंगारवाला घेतो. तो गावी कोणत्या वारी येतो, एवढे विचारून ठेवावे. खाऊची चकचकीत वेष्टने मात्र तो घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिक व धातूचा पातळ थर एकमेकांस चिकटलेले असतात व ते वेगळे करणे परवडत नाही. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यासाठी प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राची तरतूद करण्यात आली. आपल्या तालुक्यात ते चालू आहे काय आणि ग्रामपंचायत तेथवर माल पोचविते काय, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांस भेटून निश्चित करावे. व्यवस्था नसेल, तर वेष्टने कोरडी करून पोत्यात साठवावीत आणि किती पोती पडून आहेत ते अहवालात स्पष्ट लिहावे. अडचण लपविण्यापेक्षा ती लिहून ग्रामसभेपुढे ठेवणे हे अधिक उपयोगाचे.

ओल्या कचऱ्यासाठी पुष्कळ शाळा नाडेप टाके बांधावयास निघतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत रूढ केली. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप म्हणून ओळखली जाते. पण ते टाके साधारणतः दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असते आणि ते एक-दोन दिवसांतच पूर्ण भरावे अशी त्याची रीत आहे. आपल्या शाळेत रोज तीन किलो ओला कचरा होतो. त्याने ते कधी भरावे? म्हणून त्यातील तत्त्व घ्यावे आणि माप सोडावे. तीन फूट लांब-रुंद व अडीच फूट उंच अशी दोन लहान टाकी, विटांमध्ये हवेसाठी फटी सोडून, मातीत रचावीत. एक भरावे, दुसरे मुरू द्यावे. एक टोपले ओला कचरा टाकला की, त्यावर दोन-तीन टोपली वाळका पाला व वर मूठभर माती पसरावी. झाडलोटीत जमणारा पाला, जो आपण जाळून टाकतो, तोच येथे कामास येतो.

टाके बिघडले आहे हे नाकाला व हाताला कळते. आंबूस दुर्गंधी आली, तर ओल फार झाली व पाला कमी पडला. पाला मिसळून ढीग उलथावा. मुंग्या झाल्या व कचरा जसाच्या तसा राहिला, तर तो कोरडा आहे, पाणी शिंपडावे. मूठभर कचरा दाबला असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, ही योग्य ओल. शिजलेले अन्न पाल्याखाली झाकले नाही, तर उंदीर येतात, म्हणून ते थोडे थोडे टाकावे. उरलेला भात गाईगुरांस घालणारे घालतात. परंतु शिजलेले धान्य एकाच जनावरास एकदम फार मिळाले, तर त्याचे पोट बिघडते, हे ध्यानात ठेवावे.

मुलांची कामे

कामांची वाटणी हा ह्या प्रकल्पातील सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्याविषयी मला स्पष्ट बोलावयाचे आहे. आपल्या समाजात कचऱ्याचे काम कोणाच्या माथी मारले गेले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. वर्गात 'कोण करील?' असे विचारले, की बहुधा तीच मुले उठतात ज्यांच्या घरी हे काम चालत आले आहे, किंवा मुली उठतात. आणि वही-पेन्सिलीचे काम दुसऱ्यांकडे जाते. शिक्षकाच्या मनात काही नसले, तरी परिणाम तोच होतो. म्हणून कामासाठी हात वर करावयास सांगूच नये. पाचवी ते सातवीच्या मुलामुलींचे हजेरीपटाच्या क्रमाने पाच गट पाडावेत आणि दर सोमवारी कामे फिरवावीत.

कामे पाच. पहिला गट तोलणारा व मोजणारा. दुसरा नोंदवहीत लिहिणारा. तिसरा डबे तपासणारा. चौथा खताचे टाके सांभाळणारा. पाचवा स्वयंपाकघर, भंगारवाला व ग्रामपंचायत यांच्याशी बोलणारा. पाच आठवड्यांत प्रत्येक मूल पाचही कामे करते. नोंदवहीत तारखेपुढे गटाचे नाव लिहिलेले असावे, म्हणजे फेरी खरोखर फिरली की नाही हे कोणासही तपासता येईल. शिक्षकांनीही आपापल्या पाळीच्या दिवशी पोते उचलावे. पहिली ते चौथीच्या मुलांस योग्य डब्यात कचरा टाकणे एवढेच काम पुरे.

काही वस्तूंस मुलांनी हात लावावयाचा नाही. फुटकी काच, ब्लेड, विजेरीचे सेल, औषधांच्या पट्ट्या व सुया दिसल्या की, मुलाने तेथे उभे राहून शिक्षकास हाक मारावी. त्यांसाठी झाकणाचा एक डबा कार्यालयात कुलुपात असावा. मोठ्या मुलींच्या स्वच्छतागृहातील पाळीचे कपडे व पॅड यांची मोजणी होऊ नये. ते कागदात गुंडाळून ठेवण्यासाठी तेथेच निराळा झाकणाचा डबा ठेवावा आणि त्याची व्यवस्था शिक्षिकेने किंवा मोठ्या माणसाने पाहावी. वर्गीकरणासाठी चिमटे व हातमोजे असावेत आणि काम संपताच साबणाने हात धुण्यास पाच मिनिटे राखून ठेवावीत.

आठवड्याची उद्दिष्टे

दुसरा आठवडा तयारीचा: डबे योग्य जागी मांडणे, टाके रचणे व मुलांस एकेक वस्तू हाती घेऊन दाखविणे. तिसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत उद्दिष्टे चालतात आणि नवव्यात पुन्हा पाहणी होते.

'कचरा निम्म्यावर आणू' असे उद्दिष्ट प्रारंभी ठेवू नये. आधी वर्गीकरण बिनचूक व्हावे. ते मोजण्याची रीत सोपी आहे. शनिवारी सुक्या कचऱ्याच्या डब्यातून, वरून, मधून व तळातून मिळून ५० वस्तू काढाव्यात आणि त्यांत चुकीच्या किती ते पाहावे. खरकटे लागलेला कागद हाही चुकीचाच, कारण तो भंगारवाला घेत नाही. तिसऱ्या आठवड्यात उद्दिष्ट न ठेवता फक्त मोजावे. समजा, ५० मध्ये २२ चुकीच्या निघाल्या. चौथ्या आठवड्याचे उद्दिष्ट १५, पाचव्याचे १०, सहाव्याचे ५, आणि पुढे ५ च्या आत टिकविणे. एखाद्या आठवड्यात उद्दिष्ट साधले नाही, तर पुढचे हाती न घेता तेच पुन्हा ठेवावे आणि चुकीच्या वस्तू कोणत्या ते पाहावे. बहुधा एक-दोनच वस्तूंविषयी घोटाळा असतो. दुधाची पिशवी, चहाचा कागदी पेला, नारळाची करवंटी. त्या वस्तू डब्यावर चित्राने दाखविल्या की आकडा उतरतो. सातव्या व आठव्या आठवड्यात मात्र वेष्टनांची संख्या घटविण्याकडे वळावे.

वर्गावर्गांत चुरस लावून बक्षीस ठेवू नये. बक्षीस आले की, मुले वेष्टन कुंपणापलीकडे भिरकावतात आणि डबा स्वच्छ दिसतो. हे ओळखण्यासाठी दर शनिवारी कुंपणाबाहेरून एक फेरी मारून तेथील वेष्टनेही मोजावीत. आतला आकडा घटला आणि बाहेरचा वाढला, तर सुधारणा झालेली नाही. कचऱ्याने केवळ जागा बदलली आहे.

अखेरचा अहवाल

नवव्या आठवड्यात पहिल्या आठवड्याप्रमाणेच सहा दिवस, त्याच वेळी, त्याच काट्याने पाहणी करावी. बाजाराचा दिवस त्यात असलाच पाहिजे. मग तुलना करावी, आणि येथे गणिताच्या तासाचा खरा उपयोग होतो.

आपल्या शाळेत पहिल्या आठवड्यात वेष्टने ३१८ होती. नवव्यात १९० निघाली. मुले लगेच सांगतील की शेकडा ४० घट झाली. पण फेब्रुवारीत ज्वारीची काढणी चालू होती आणि कित्येक मुले आईबापांबरोबर शेतावर होती. पहिल्या आठवड्याच्या सहा दिवसांची हजेरी मिळून ६१२ होती, नवव्याची ५४०. म्हणजे शंभर हजेरीमागे वेष्टने पूर्वी ५२ होती, आता ३५ आहेत. खरी घट सुमारे एक-तृतीयांश आहे, शेकडा ४० नव्हे. लहान आकडा लिहावयास मुलांना जिवावर येते; तो त्यांच्याकडूनच लिहवून घ्यावा.

अन्नाकडे पाहू. पातेल्यातील उरलेले अन्न ४.२ किलोंवरून १.१ वर आले. चिठ्ठीने आपले काम केले. ताटातील अन्न मात्र ५.४ वरून ४.२ किलो झाले, म्हणजे दर हजेरीमागे सुमारे ९ ग्रॅमांवरून ८ ग्रॅम. ह्याला सुधारणा म्हणता येत नाही. दोन-चार मुलांच्या भुकेने एवढा फरक पडतो. अहवालात तसेच लिहावे: 'ताटातील अन्न घटले नाही. कारण अद्याप शोधलेले नाही.' पुढील वर्षीच्या मुलांस ह्या एका वाक्यातून काम मिळते. एक आठवडा आधीचा व एक नंतरचा एवढ्यावरून कायमची सवय जडली असेही म्हणू नये. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आणखी एक आठवडा मोजावा, म्हणजे कळेल.

अहवाल चार पानांहून मोठा नसावा आणि तो सहावी-सातवीच्या मुलांनी लिहावा. मोजणी कशी केली, पहिल्या आठवड्यात काय आढळले, काय बदलले, नवव्या आठवड्यात काय आढळले, काय साधले नाही, खर्च किती झाला आणि किती माल कोणाकडे गेला, एवढी सात कलमे पुरेत. प्रभातफेरीचे छायाचित्र नसले तरी चालेल. नोंदवही मात्र जोडलेली असावी. हा अहवाल शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत मुलांनी वाचून दाखवावा. पडून राहिलेल्या पोत्यांचा प्रश्न तेथेच सुटू शकतो.

कामाचा आरंभ लहान आहे. ह्या आठवड्यात प्रत्येक शाळेने एक ताणकाटा, एक ताडपत्री व एक नोंदवही मिळवावी आणि ग्रामपंचायत अधिकारी व भंगारवाला यांच्याशी बोलून घ्यावे. शाळाभेटीच्या वेळी मी डब्यांचा रंग पाहणार नाही. नोंदवही मागेन, आणि तीत मंगळवारच्या रकान्यात काय लिहिले आहे ते प्रथम वाचेन.